अर्थसंकल्प, शून्याधारित व वृद्धिशील

अर्थसंकल्प, शून्याधारित व वृद्धिशील : एखाद्या संस्थेच्या किंवा तिच्या विभागाच्या आगामी वर्षाच्या खर्चाचे अंदाज ठरविण्याच्या दोन परस्परविरोधी पद्धती. वृद्धिशील पद्धतीत चालू वर्षाची मंजूर रक्कम आधार म्हणून गृहीत धरली जाते आणि तीत भाववाढ, वेतनवाढ व कामाची वाढ यांपुरती भर घालून नवी मागणी तयार होते. चर्चा फक्त त्या वाढीपुरती होते. शून्याधारित पद्धतीत असा कोणताही आधार मानला जात नाही. विभागाचे प्रत्येक काम जणू नव्यानेच सुरू व्हावयाचे आहे असे समजून त्याची आवश्यकता, ते करण्याचे पर्यायी मार्ग आणि प्रत्येक पातळीवरील खर्च यांचे समर्थन दरवर्षी द्यावे लागते. रुग्णालये व शाळा यांचा खर्च सर्वसाधारण भाववाढीपेक्षा अधिक वेगाने वाढत असल्यामुळे या दोन पद्धतींमधील वाद या क्षेत्रांत विशेष तीव्र झाला.

वृद्धिशील पद्धती कोणी शोधून काढलेली नाही. ती प्रशासकीय व्यवहारातून आपोआप रूढ झाली. तिचे तात्त्विक समर्थन मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पुढे आले. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स लिंडब्लोम यांनी १९५९ मध्ये असे प्रतिपादन केले, की शासनापुढील सर्व उद्दिष्टांची व सर्व पर्यायांची एकाच वेळी तुलना करणे मानवी कुवतीबाहेरचे असते. म्हणून प्रशासक चालू स्थितीपासून थोड्या थोड्या अंतराने पुढे सरकतात आणि ते शहाणपणाचेच असते. ॲरन विल्डाव्हस्की यांनी १९६४ मध्ये अमेरिकेच्या संघीय अर्थसंकल्पाचा अभ्यास करून हाच विचार विस्ताराने मांडला. त्यांच्या मते मागील वर्षाची रक्कम हा केवळ आकडा नसून तो पूर्वी झालेल्या अनेक वादांचा निवाडा असतो. तो दरवर्षी उकरून काढला, तर मिटलेली भांडणे पुन्हा उभी राहतात आणि वेळ तर जातोच, पण निष्पत्ती बहुधा पूर्वीचीच राहते.

या पद्धतीतील दोषही याच गुणातून निर्माण होतो. आधार म्हणून धरलेली रक्कम मुळातच अयोग्य असेल, तर ती अयोग्यता वर्षानुवर्षे टिकून राहते व टक्केवारीच्या वाढीने फुगत जाते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा इतिहास याचे ठळक उदाहरण होय. १९४८ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा जेथे रुग्णालये आधीपासून होती तेथे त्यांचा चालू खर्च भागविण्यासाठी पैसा दिला गेला व पुढील वर्षांत त्यावरच भर पडत गेली. परिणामी लंडन व त्याच्या परिसरातील जुन्या, सुसज्ज रुग्णालयांच्या प्रदेशांना दरडोई अधिक निधी मिळत राहिला व उत्तरेकडील औद्योगिक प्रदेश मागे राहिले. सुमारे पाव शतकानंतर, १९७६ मध्ये, या प्रश्नासाठी नेमलेल्या कार्यगटाने लोकसंख्या, वयोरचना आणि मृत्युमान यांवर आधारलेले वाटपाचे सूत्र सुचविले. दरवर्षीची वाढ तपासणाऱ्या कोणालाही ही विषमता दिसली नव्हती, कारण ती वाढीत नव्हे, तर आधारात होती. वृद्धिशील पद्धतीचा आणखी एक परिचित परिणाम म्हणजे वर्षअखेरची खर्चाची घाई. रक्कम अखर्चित राहिली तर पुढील वर्षाचा आधारच घटतो, या भीतीने विभाग मार्चअखेर अनावश्यक खरेदी करतात.

उगम : सर्व खर्चाची मुळापासून तपासणी करण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेच्या कृषी खात्यात १९६२ मध्ये, १९६४ या वित्तीय वर्षाच्या अर्थसंकल्पासाठी, करण्यात आला. विल्डाव्हस्की व आर्थर हॅमंड यांनी १९६५ मध्ये त्याचे परीक्षण प्रसिद्ध केले. अधिकाऱ्यांनी प्रचंड श्रम घेऊन कागदपत्रे तयार केली. परंतु जे निर्णय निघाले ते नेहमीच्या पद्धतीने निघाले असते त्यांहून फारसे वेगळे नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आज प्रचलित असलेल्या अर्थाने शून्याधारित पद्धती मात्र खाजगी उद्योगात आकारास आली. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पीटर पिर यांनी १९६९ मध्ये ती संशोधन व कर्मचारी विभागांच्या खर्चासाठी वापरली आणि १९७० मध्ये एका व्यवस्थापनविषयक नियतकालिकात तिचे वर्णन केले. जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी तो लेख वाचून पिर यांना पाचारण केले व १९७३ या वित्तीय वर्षाचा राज्याचा अर्थसंकल्प या पद्धतीने तयार करविला. कार्टर अध्यक्ष झाल्यावर त्यांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये ती संघीय खात्यांना लागू करण्याचा आदेश दिला.

कार्यपद्धती : पिर यांच्या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. प्रथम संस्थेचे निर्णय-घटक पाडावयाचे, म्हणजे ज्याच्या खर्चाविषयी एक जबाबदार अधिकारी निर्णय सुचवू शकेल अशी कामे वेगळी करावयाची. नंतर प्रत्येक घटकासाठी ‘निर्णय-संपुटे’ लिहावयाची. संपुटात कामाचा हेतू, ते करण्याचे अन्य मार्ग, ते न केल्यास होणारे परिणाम आणि खर्च नमूद असतो. एकाच कामाची किमान पातळी, चालू पातळी व वाढीव पातळी यांची संपुटे वेगवेगळी असतात. शेवटी सर्व संपुटे अग्रक्रमाने एका यादीत लावून उपलब्ध निधी संपेल तेथे रेषा ओढावयाची. रेषेच्या वरील संपुटे मंजूर व खालील नामंजूर होतात.

जॉर्जियातील हवेची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे उदाहरण पिर यांनीच दिलेले आहे. या प्रयोगशाळेने प्रथम मार्गांची तुलना केली. वर्षाला ७५,००० नमुने मध्यवर्ती प्रयोगशाळेत तपासण्यास २,४६,००० डॉलर लागणार होते. हेच काम विद्यापीठाकडे सोपविल्यास दर नमुन्यास ६ डॉलरप्रमाणे ४,५०,००० डॉलर पडले असते, तर प्रादेशिक प्रयोगशाळा उभारण्याचा मार्ग त्याहूनही महाग होता. मध्यवर्ती प्रयोगशाळेचा मार्ग निवडल्यावर तिच्या खर्चाची तीन संपुटे केली गेली. पहिले १,४०,००० डॉलरचे : त्यात ३७,३०० नमुने तपासून सर्वाधिक प्रदूषित अशा पाच नागरी क्षेत्रांवर, म्हणजे ७० टक्के लोकसंख्येवर, लक्ष ठेवता येणार होते. दुसऱ्या ६१,००० डॉलरच्या संपुटाने नमुन्यांची संख्या ५५,००० या चालू पातळीवर व लोकसंख्येची व्याप्ती ८० टक्क्यांवर जात होती. तिसऱ्या ४५,००० डॉलरच्या संपुटाने ७५,००० नमुने व ९० टक्के लोकसंख्या साधली जाणार होती. वृद्धिशील पद्धतीत वरिष्ठांपुढे केवळ एवढाच प्रश्न आला असता, की चालू २,०१,००० डॉलरमध्ये ४५,००० डॉलरची भर घालावी की नाही. येथे मात्र चालू खर्चातील शेवटच्या ६१,००० डॉलरने नेमके काय मिळते हेही दिसले व ते अन्य खात्याच्या एखाद्या नव्या कामाशी ताडून पाहता येऊ लागले. हेच या पद्धतीचे खरे बलस्थान होय.

रुग्णालयीन विभागाचे उदाहरण : वाढत्या खर्चाच्या संदर्भात दोन्ही पद्धती कशा चालतात हे कल्पित आकड्यांच्या साहाय्याने पाहता येईल. एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या विकृतिचिकित्सा प्रयोगशाळेचा चालू वर्षाचा खर्च ६० लाख रुपये असून तीत ३ लाख चाचण्या होतात, असे मानू. या खर्चापैकी ३० लाख वेतनावर, २१ लाख रसायने व इतर उपभोग्य वस्तूंवर, ६ लाख यंत्रांच्या देखभालीवर आणि ३ लाख किरकोळ बाबींवर खर्च होतात. पुढील वर्षी वेतन ६ टक्के, रसायनांचे भाव ८ टक्के, देखभालीचे दर १० टक्के व किरकोळ खर्च ५ टक्के वाढतील आणि चाचण्यांची संख्या १० टक्क्यांनी वाढून ३ लाख ३० हजार होईल, असा अंदाज आहे.

वृद्धिशील पद्धतीने मागणी सहज निघते : वेतन ३१.८० लाख, रसायने २४.९५ लाख, देखभाल ६.६० लाख व किरकोळ ३.१५ लाख, एकूण ६६.५० लाख. साडेसहा लाखांच्या या वाढीपैकी सुमारे सव्वादोन लाख अधिक चाचण्यांमुळे आणि उरलेले केवळ महागाईमुळे आहेत. ही फोड कागदावर मांडली, तर वृद्धिशील पद्धतीतही वाढीची चिकित्सा बरीच चांगली होऊ शकते. परंतु व्यवहारात अनेकदा ‘अकरा टक्के वाढ’ एवढाच आकडा वर जातो आणि तेथे तो सरसकट आठ किंवा सहा टक्क्यांवर आणला जातो. त्या कपातीने कोणते काम कमी व्हावे हे कोणीच ठरविलेले नसल्यामुळे वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत रसायने संपतात व रुग्णांना चाचण्यांसाठी बाहेर धाडले जाते. वेतन द्यावेच लागते. म्हणून सारी कपात रसायनांवर येते. अर्थसंकल्पात कपात कोठे केली हे लिहिलेले नसले, तरी ती कोठे पडली हे अशा तुटवड्यावरून ओळखता येते.

शून्याधारित पद्धतीने त्याच ६६.५० लाखांची चार संपुटे करता येतील. पहिले ४४ लाखांचे : तातडीचे व आंतररुग्ण, रात्रंदिवस सेवा, १ लाख ७० हजार चाचण्या. दुसरे १५ लाखांचे : बाह्यरुग्ण विभागाच्या १ लाख २५ हजार चाचण्या. तिसरे ३.५० लाखांचे : दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या ठरावीक चाचण्या व थोड्या दिवसांत पुन्हा होणाऱ्या त्याच चाचण्या, एकूण २५ हजार. चौथे ४ लाखांचे : संप्रेरके इत्यादींच्या १० हजार विशेष चाचण्या. प्रत्येक चाचणीचा सरासरी खर्च पाहिला, तर तो पहिल्या संपुटात सुमारे २६, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १४ व चौथ्यात ४० रुपये येतो. पहिले संपुट महाग दिसते, कारण रात्रपाळीचे तंत्रज्ञ व यंत्रे यांचा स्थिर खर्च त्यातच पडतो. चाचण्या निम्म्या झाल्या, तरी रात्रपाळी निम्मी करता येत नाही.

या मांडणीतून दोन उपयुक्त प्रश्न उभे राहतात. विशेष चाचण्या बाहेरून ५५ रुपये दराने करून घ्याव्यात काय, हा पहिला. त्यांच्या ४ लाखांपैकी २.६० लाख रसायनांचे, म्हणजे दर चाचणीस २६ रुपये, आणि १.४० लाख यंत्राच्या देखभालीचे आहेत. हिशेब केल्यास वर्षाला सुमारे ४,८०० पेक्षा अधिक चाचण्या असतील तोवर रुग्णालयातच त्या करणे स्वस्त पडते. १० हजार चाचण्यांना तर निश्चितच. दुसरा प्रश्न तिसऱ्या संपुटाचा. ठरावीक म्हणून होणाऱ्या या चाचण्यांपैकी अनेकींनी उपचारात काहीच फरक पडत नसेल, तर त्या सोडून ३.५० लाख वाचविता येतील असे कागदावर दिसते.

मर्यादा : याच ठिकाणी पद्धतीची पहिली मर्यादा स्पष्ट होते. तिसऱ्या संपुटातील चाचण्यांवर दर चाचणीस सुमारे ७ रुपयांची रसायने लागतात. म्हणून त्या बंद केल्यास प्रत्यक्ष बचत १.७५ लाखांचीच होते. उरलेली रक्कम त्या संपुटाच्या वाट्यास आलेल्या वेतनाची आहे आणि पद कमी होत नाही तोवर ती खर्च होतच राहते. संपुट वगळले की त्याची सर्व रक्कम वाचली असे मानणे ही या पद्धतीतील सर्वांत सामान्य चूक होय. ती टाळण्यासाठी प्रत्येक संपुटासमोर सरासरी खर्चाऐवजी टळणारा खर्च, म्हणजे काम थांबल्यावर खरोखर उरणारी रक्कम, लिहावयास हवी.

दुसरी मर्यादा निर्णय-घटक निवडण्याची आहे. चाचण्या प्रयोगशाळा करते, पण त्या लिहून देतात कक्षांतील वैद्य. तिसरे संपुट नामंजूर झाले, तरी चिठ्ठ्या येतच राहतात व प्रयोगशाळेला त्या परत पाठविता येत नाहीत. म्हणजे खर्चाची जबाबदारी एका विभागाकडे व खर्चाचे कारण दुसऱ्याकडे, अशी स्थिती होते. क्ष-किरण विभाग, औषधालय, शस्त्रक्रियागृह या सर्वांनाच हे लागू आहे. अशा विभागांत संपुटाचा अग्रक्रम ठरविण्यापूर्वी चाचण्या लिहून देण्याचे नियम वैद्यांशी मिळून ठरवावे लागतात. एरवी वर्षअखेरीस नामंजूर काम झालेले व खर्च पूरक मागणीत आलेला आढळतो.

तिसरी मर्यादा माणसांच्या वागणुकीची आहे. अग्रक्रम लावणारा विभागप्रमुख लोकप्रिय किंवा अपरिहार्य काम मुद्दाम यादीच्या तळाशी ठेवतो, कारण ते कापण्याचे धैर्य वरिष्ठांना होणार नाही हे त्यास ठाऊक असते. किमान पातळीही क्वचितच खरी किमान असते. चालू खर्चाच्या ठराविक टक्केवारीस ‘किमान’ म्हणण्याचा प्रघात पडला, की शून्याचा आधार नावापुरता उरतो व पद्धती पुन्हा वृद्धिशील होते. सर्व विभागांची किमान संपुटे चालू खर्चाच्या एकाच टक्केवारीची आढळली, तर तपासणी खरी झालेली नाही असे समजावे.

जॉर्जियाच्या अनुभवात या मर्यादांचा प्रत्यय आला. तेथे सुमारे अकरा हजार संपुटे तयार झाली. रोज चार तास याप्रमाणे दोन महिने दिले, तरी गव्हर्नरांना एका संपुटासाठी सुमारे एकच मिनिट मिळाला असता, हे हार्व्हर्ड विद्यापीठाचे लेखाशास्त्रज्ञ रॉबर्ट अँथनी यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. जॉर्ज मिनमायर यांनी राज्याचे विभागप्रमुख व अर्थसंकल्प-विश्लेषक यांच्या मुलाखती घेतल्या. या पद्धतीमुळे निधीची मोठी फेरवाटणी झाल्याचे त्यांना आढळले नाही. महसुलाचा अंदाज बदलला, तेव्हा यादीतील रेषा वर किंवा खाली सरकविणे एवढेच पुरेसे व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात विभागांना नवी संपुटे सादर करण्यास सांगावे लागले. तथापि आपल्या विभागात काय चालते याची माहिती या प्रक्रियेमुळे सुधारली, असे मत तेथील अनेक अधिकाऱ्यांनी दिले. संघीय शासनातील प्रयोग अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांच्या कारकीर्दीत १९८१ मध्ये थांबविण्यात आला.

शाळा व वेतनप्रधान सेवा : शाळेच्या विभागात या पद्धतीचा वाव आणखी अरुंद असतो. तेथील खर्चाचा फार मोठा भाग शिक्षकांच्या वेतनाचा असतो आणि शिक्षकांची संख्या विद्यार्थिसंख्येवरून ठरते. महाराष्ट्रातील अनुदानित शाळांत ही संख्या दरवर्षी संचमान्यतेने निश्चित होते व वेतनश्रेणी शासन ठरविते. मुख्याध्यापकाच्या हाती उरतात ती प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडासाहित्य, देखभाल यांसारखी कामे. यांची संपुटे करणे उपयुक्त असले, तरी त्यातून एकूण खर्चाची वाढ थांबत नाही. त्या वाढीचे कारण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६७ मध्ये सांगितले : कारखान्यात यंत्रांमुळे दर कामगारामागील उत्पादन वाढते व त्याबरोबर वेतनही वाढते, शिकविणे व शुश्रूषा करणे या कामांत उत्पादकता तशी वाढत नाही, पण वेतन मात्र इतरांच्या बरोबरीने वाढवावेच लागते. अशा वाढीत उधळपट्टी शोधणारी पद्धती बहुधा रिकाम्या हाताने परतते. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला एक शिक्षक लागतो, हे कितीही वेळा शून्यापासून सिद्ध केले, तरी उत्तर तेच येते.

भारतातील प्रयोग : भारतात केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रविद्या विभागाने १९८३ मध्ये ही पद्धती अंगीकारली व १९८६–८७ च्या सुमारास ती सर्व मंत्रालयांना लागू करण्याचे ठरले. महाराष्ट्राने शंकरराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८६ मध्ये, ती स्वीकारली. ‘झिरो बजेट’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत व सामान्य बोलण्यात रूढ झाला तो यामुळेच. कालबाह्य किंवा परिणामशून्य योजना बंद करून त्यांचा निधी विकासकार्याकडे वळविणे हा तिचा हेतू होता. वेतन, निवृत्तिवेतन व व्याज यांसारखा बांधील खर्च एका वर्षाच्या निर्णयाने घटविता येत नाही, ही अडचण येथेही होती. योजना बंद झाली, तरी तीवरील कर्मचारी अन्यत्र सामावून घ्यावे लागत. म्हणून बचत लेखाशीर्ष बदलून राहत असे. केंद्रात व राज्यात ही पद्धती संपूर्ण स्वरूपात टिकली नाही; योजनांच्या नियतकालिक आढाव्याच्या रूपाने तिचा अंश उरला.

या अनुभवातून पुढे मध्यममार्ग प्रचारात आला. कोलोरॅडो राज्याने १९७६ मध्ये असा कायदा केला, की ठराविक मुदतीनंतर विशिष्ट शासकीय मंडळे विधिमंडळाने पुन्हा मंजूर न केल्यास आपोआप संपुष्टात यावीत. शून्यापासूनची तपासणी दरवर्षी सर्वांची न करता काही वर्षांच्या फेऱ्याने एकेकाची करावी, हे तत्त्व त्यात आहे. रुग्णालयांच्या बाबतीत अमेरिकेच्या वृद्धांसाठीच्या शासकीय विमायोजनेने १९८३ पासून झालेला खर्च भरून देण्याऐवजी रोगनिदानाच्या गटानुसार पूर्वनिश्चित रक्कम देण्यास आरंभ केला. यामुळे खर्चाचा आधार मागील वर्षात न राहता उपचारित रुग्णांत आला. रुग्णालयाच्या विभागापुरते बोलावयाचे, तर वेतन व देखभाल यांसाठी वृद्धिशील अंदाज, रसायने व औषधे यांसाठी कामाच्या संख्येवर आधारलेला अंदाज, आणि दर तीन ते पाच वर्षांनी एकदा त्या विभागाची टळणाऱ्या खर्चासह शून्याधारित तपासणी, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. तपासणीचे वर्ष आधी ठरलेले असणे येथे महत्त्वाचे असते. कारण निधी अपुरा पडल्यावर घाईने सुरू झालेल्या तपासणीत कामाची आवश्यकता न पाहता ज्याची बाजू दुबळी त्याचे काम कापले जाते.